गुण तेवढेच, पण मुलं वेगळी

“मुलाला आधी शिकवून मग चाचणी घेतली तर गुण वाढणारच, हे पेपर फोडण्यासारखंच झालं. आणि आकृत्यांच्या चाचणीत भाषा नसते, त्यामुळे शाळा कशीही असो, बुद्धी दिसायची तेवढी दिसतेच.”
(बेळगाव सीमाभागातल्या पालक-शिक्षकांच्या ग्रुपवर फिरणारा मजकूर)

हा आक्षेप आधी चाचणी, मग ठरावीक मदत आणि शेवटी फेरचाचणी घेण्याच्या पद्धतीवर आहे. त्यातला भाषेचा मुद्दा आधी घेतो, कारण त्याच्याच भरवशावर मुलांवर ‘मंद’ असा शिक्का बसतो. आकृत्यांत अक्षरं नसतात, पण सूचना भाषेतच दिल्या जातात. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला त्या घाईघाईनं कन्नडमध्ये सांगितल्या, तर पहिले दोन-तीन प्रश्न काय करायचं हे कळण्यातच जातात. शिवाय चौकटीतल्या रिकाम्या जागी कोणती आकृती येईल हे ओळखायला आडवा बदल आणि उभा बदल एकाच वेळी ध्यानात ठेवावा लागतो. तक्ते आणि कोडी हाताळलेल्या मुलाला ही सवय असते. अर्धं वर्ष आई-बापाबरोबर उसाच्या फडावर काढणाऱ्या मुलीला ती कुठून येणार?

समजा, निपाणीकडची अशीच नऊ वर्षांची मुलगी आहे. बारापैकी तिचे तीनच प्रश्न बरोबर आले. चुका पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी तिनं शेजारच्या आकृतीसारखीच आकृती निवडलेली दिसते. म्हणजे तिनं नियम शोधलाच नाही, दिसायला सारखं ते उचललं. आता पर्याय झाकायचे आणि वेगळ्या आकृत्या घेऊन ठरलेल्या क्रमानं मदत करायची: नीट बघ; डावीकडून उजवीकडे काय बदललं; वरून खाली काय बदललं; आता उत्तर कसं असेल ते आधी तोंडानं सांग. कितव्या सूचनेवर जमलं ते दर वेळी लिहून ठेवायचं. पहिल्या प्रश्नाला चार सूचना, तिसऱ्याला दोन, सहाव्याला एकही नाही, असा उतार दिसला तर ती शिकते आहे. तीनच गुण मिळालेल्या दुसऱ्या मुलाला सहाव्या प्रश्नालाही चारच लागल्या, तर त्याची गरज वेगळी आहे.

पेपर फुटण्याचा प्रश्न इथंच निकाली निघतो, कारण फेरचाचणीतले प्रश्न शिकवलेले नसतातच. त्यांतले काही मुद्दाम जरा वेगळ्या नियमाचे ठेवतात. पाठांतर असेल तर तिथं मूल अडतं. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कींनी हेच मांडलं होतं: दोन मुलांचं मानसिक वय आठच, पण मदतीनं एक बारा वर्षांच्या पातळीचे प्रश्न सोडवतो आणि दुसरा नऊच्या. पुढे इस्रायलमध्ये मानसशास्त्रज्ञ फॉयरस्टाइन यांनी स्थलांतरित मुलांसाठी याची पद्धतशीर चाचणी बनवली.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. नुसतं दुसऱ्यांदा बसल्यानंही गुण थोडे वाढतात, आणि परीक्षक मायाळू असला तर नकळत जास्त सुचवून जातो. म्हणून सूचनांचे शब्द आधीच लिहून ठेवावे लागतात, आणि वाढलेल्या गुणांपेक्षा कमी होत गेलेल्या सूचनांवर जास्त भर द्यावा लागतो. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या प्रमाणित चाचणीची जागाही ही पद्धत घेत नाही. तिच्या अहवालातून वर्गशिक्षकाला हवं ते मिळतं: या मुलीला पर्याय झाकून, मराठीत, ‘काय बदललं?’ असं विचारलं की जमतं.