विजेसारखी म्हणजे जाणारी काय?

आमच्या झेरॉक्सच्या दुकानात भाषांतराचा दर शब्दाला दीड रुपया आहे, आणि तो मराठी बाजूचे शब्द मोजून लावायचा ही पद्धत मीच पाडली. म्हणून दोष कुणाला देणार! तरी मध्यंतरीचं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. एका स्कूटरवाल्या पोरानं ‘कूल ॲज अ क्युकंबर’ हे मराठीत करून मागितलं. मी ‘थंडगार’ लिहिलं. त्यानं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, “अण्णा, इंग्रजीत चार शब्द होते. तुम्ही एकच केलासा. म्हणजे काम कमीच झालं की.”

दीड रुपया. आणि सुट्टे नाहीत म्हणून तोही ‘नंतर देतो’.

पोराचं बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरींचं दुकान आहे, टिळकवाडीकडे. त्याला एक फ्लेक्स करायचा होता. आता आपल्याकडे पाटीचा नकाशा कसा ते बेळगावच्या माणसाला सांगायला नको. 2024 च्या कायदादुरुस्तीपासून 60 टक्के कन्नड, तेही वरच्या अंगाला. खाली इंग्रजी, कारण इंग्रजीशिवाय गाडी विकली जात नाही अशी श्रद्धा आहे. आणि मग तळाशी, जिथं प्रिंटरचं नाव आणि मोबाइल नंबर असतो त्याच्या जरा वर, मराठी. एवढ्याशा पट्टीत चार उपमा बसवायच्या होत्या: फास्ट ॲज लाइटनिंग, लाइट ॲज अ फेदर, क्वाएट ॲज अ माऊस आणि ही काकडी.

मी स्क्रीनवर पहिली ओळ टाकली, ‘विजेसारखी वेगवान’. तेवढ्यात मागून आवाज आला.

“ईज म्हंजे कुठली रे बाळा?”

येळ्ळूरकडच्या एक आज्जी होत्या. जमिनीचा उतारा झेरॉक्स करायला आलेल्या, पिशवीत मेथीच्या पेंढ्या, हातात घडी घालून घालून फाटायला आलेला कागद. झेरॉक्स केव्हाच झाली होती. पण दुकानात पंखा होता आणि बाहेर ऊन, त्यामुळे त्या स्टुलावरून उठायचं नाव घेत नव्हत्या.

“आकाशातली वीज हो, आज्जी.”

“ती वळवात पडती ती? आमच्या बांधावरच्या आंब्यावर पडली, उभा चिरला. आता गाडी तसली म्हटल्यावर कोण बसंल?”

पोरगा म्हणाला, “तसं नव्हे आज्जी, लय जोरात पळती असं.”

“पळती खरं, मग जाती कुठं? आणि दुसरी वीज म्हणशील तर ती पेपरात असती. ‘उद्या शहापुरात वीज नाही.’ ती तर सारखी जातीच.”

पोराचं तोंड उतरलं. बॅटरीवरची गाडी, आणि जाहिरातीत लिहायचं की ही विजेसारखी आहे. आज्जी विनोद करत नव्हत्या, हे विशेष. त्यांना खरंच कळायचं होतं.

इथं मला शाळेतला अलंकारांचा धडा आठवला. उपमेला चार पाय असतात: उपमेय, म्हणजे ज्याची तुलना करायची ती स्कूटर, उपमान, म्हणजे वीज, ‘सारखी’ हा साम्यवाचक शब्द, आणि साधारण धर्म, म्हणजे दोघींत सारखा असलेला गुण, वेग. इंग्रजीच्या या ठरीव उपमा चौथा पाय कधी सोडत नाहीत. फास्ट, लाइट, क्वाएट, कूल, आधी गुण ठणकावून सांगतात आणि मग वस्तू आणतात, त्यामुळे वस्तू कसलीही चालते. आपण बोलताना तो पाय खुशाल गाळतो. ‘माकडासारखा काय बसलास’ म्हटलं की कसा बसला ते सांगावं लागत नाही. ‘खुळ्यागत पाऊस पडालाय’ म्हणतो तेव्हा खुळा माणूस कसा पडतो हे कोणी विचारत नाही. (हे ‘गत’ तर सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतं, आमच्या इकडचं कन्नडही ‘हुच्चन गते’ म्हणतं आणि तोच खुळा उभा करतं.) गुण न सांगता ऐकणाऱ्यानं तो बरोबर उचलायचा, ही मराठी उपमेची सवय. म्हणून मराठीत उपमान असं लागतं की त्याचा एकच गुण गावाला माहीत आहे. विजेचे तीन माहीत आहेत: चमकते, पडते, जाते. वेग चौथा, आणि त्याची आठवण आज्जींना काही केल्या येत नव्हती.

हे ताडून बघायला सोपं आहे. गुणाचा शब्द झाकायचा आणि उरलेलं कुणालातरी ऐकवायचं. “गाडी पिसागत आहे, आज्जी. काय कळलं?”

“हलकी.”

मी खूश झालो. पहिलं बरोबर आलं! मग आज्जींनीच पुढं विचारलं, “हलका माल काय?”

झालं. मराठीत वजनाला हलकं आणि दर्जाला हलकं एकाच पिशवीत भरलेलं. लुगडं हलकं म्हटलं की धुतल्यावर आटणारं. पोरानं ती ओळ काढ म्हणून सांगितलं, मग म्हणाला ठेव, मग म्हणाला बघूया.

उंदराचं तर विचारूच नका. “गाडी उंदरागत आहे” म्हटल्यावर आज्जी सरळ उठून उभ्या राहिल्या. उंदीर गप्प असतो हे म्हणणाऱ्याच्या घरात भाताचं पोतं कधी आलेलं नाही, असं त्यांचं मत पडलं. रात्रभर खुडबूड, माळ्यावर कुरतडणं, आणि सकाळी पोत्याला भोक. विलायती उंदीर गप्प असतील, येळ्ळूरचे नव्हेत. मग त्यांनीच तोडगा काढला, “मांजरागत येती म्हण. पाय वाजत नाहीत.”

मला ते फार आवडलं. पाय वाजत नाहीत! एवढी नेमकी गोष्ट मला दिवसभर बसून सुचली नसती. पण पोरगा म्हणाला, “गाडीच्या बोर्डावर मांजर? आडवी गेली म्हणतील की अण्णा. गिऱ्हाईक परत जाईल.” आणि ते खरं होतं. आपल्याकडं गुणाबरोबर शकुनही मोजावा लागतो, हे अलंकाराच्या धड्यात कुठं लिहिलेलं नव्हतं.

काकडीला मात्र मी गंभीर होतो, कारण मला त्यातलं थोडं माहीत आहे. जॉन गे नावाच्या इंग्रज कवीनं 1732 मध्ये ती कवितेत घातली आणि तिथून ती चालत आली. काकडीत 95 टक्के पाणी असतं, ती हाताला गार लागते, इथपर्यंत ठीक. पण ही म्हण टिकली ती पाण्यामुळं नव्हे, आवाजामुळं. कूल आणि क्युकंबर, दोघं ‘क’नं सुरू होतात, जिभेला गोड लागतात. ‘बिझी ॲज अ बी’, ‘गुड ॲज गोल्ड’ ही त्याच कारखान्यातली. काकडीऐवजी भोपळा म्हटला असता तर त्यातही पाणी आहेच, पण कुणी लक्षात ठेवला नसता.

मग मराठीत भाजी शोधत बसण्यात अर्थ नाही, आवाज शोधायचा. आणि तो आपल्याकडे तयार आहे, गुणाच्या शेपटीला बांधलेला: काळाकुट्ट, कोराकरकरीत, लालभडक, तिखटजाळ, पांढराफटक. ‘सारखा’ नाही, ‘इतका’ नाही, वस्तूचं नावही बहुतेक नाही. जिथं इंग्रज चार शब्द खर्चतो तिथं आपण एका शब्दात उरकतो आणि दीड रुपया घेतो. मात्र इथंही जपावं लागतं. ‘गारढोण’ लिहिलं तर लोकांना ठेवून दिलेला चहा आठवतो. ‘गारेगार’ लिहिलं तर शाळेबाहेरची काडीवरची कांडी. माणसाला ‘थंड’ म्हटलं तर तो शांत नव्हे, आळशी. बॅटरीला ‘थंडगार’ बसतं, कारण थंडगार म्हटलं की पाणी आणि सावली, दोन्ही चांगल्या गोष्टी. एवढा विचार करून एक शब्द लिहिला होता हो मी! त्या पोराला वाटलं मी तीन शब्द खाल्ले.

वेगासाठीही माझ्याकडे होता. ‘बुंगाट’. आज्जींना विचारलं, “गाडी बुंगाट आहे, काय कळलं?” त्या म्हणाल्या, “पोटात गोळा येतोय.” याहून चांगली पावती कुठली? सुसाट, भन्नाट, बुंगाट, यांत तुलना कशाशीच नाही, कानाजवळून काहीतरी गेल्याचा नुसता आवाज आहे. मी लिहून दिलं:

पळायला बुंगाट, बॅटरी थंडगार, आली तरी पाय वाजत नाहीत.

पोरानं वाचलं, दोनदा वाचलं. म्हणाला, “खेडवळ वाटालंय, अण्णा.”

यावर मात्र माझं टाळकं सणकलं. ज्या भाषेत हा आईशी भांडतो ती पाटीवर आली की खेडवळ, आणि ज्या इंग्रजीत ह्याला उतारा वाचता येत नाही ती शोरूमची. कन्नडचं 60 टक्के कायद्यानं आलं म्हणून आपण मोर्चे काढतो. पण उरलेल्या पट्टीत जे चार शब्द स्वतःचे लिहायचे, ते आपल्यालाच लाजिरवाणे वाटतात, त्याला कुठला कायदा आडवा आला होता? हे मी त्याला म्हटलं नाही. म्हटलं असतं तर दीड रुपयाही गेला असता. आज्जी मात्र जाता जाता त्याला म्हणाल्या, “गाडी घेतो खरं, आधी रस्ता कर म्हणावं तुझ्या गाडीवाल्यास्नी.” मग झेरॉक्सचे दोनच रुपये देईन म्हणून माझ्याशी घोळ घातला, आणि दोनच देऊन गेल्या.

पोरानं शेवटी दुसरीकडून कुणाकडून तरी करून घेतलं. फ्लेक्स दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ लागलाय. गेट पडलं की लोकांना वाचायला भरपूर वेळ मिळतो, ही जागा मात्र त्यानं हुशारीनं निवडली. वर कन्नड, मध्ये इंग्रजी आणि तळाला आमची मायबोली: ‘विजेसारखी वेगवान, पिसासारखी हलकी, उंदरासारखी शांत, काकडीसारखी थंड’. आठ शब्द. म्हणजे बारा रुपये कुणीतरी घेतले, आणि सुट्टे दिले असणार.

मला वाटलं होतं लोक हसतील आणि गाडी पडून राहील. लोक हसलेच. कॉलेजच्या पोरांनी त्या स्कूटरचं नावच ‘काकडी’ पाडलं. “काकडी घेतलीस काय बे?” “बापानं काकडी दिली नाही, बसनं जा म्हणतोय.” परवा गेट पडलेलं असताना माझ्या पुढं अशी एक उभी होती, तिच्या मागच्या नंबरप्लेटवर कुणीतरी रंगवून घेतलं होतं, ‘काकडी नं. 1’.

तो पोरगा काल आला होता, तोंडभर हसत. गणपतीची ऑफर आहे, नवीन बोर्ड करायचाय, तोच मजकूर, नुसती तारीख बदलून. शब्द वाढत नाहीत म्हणजे पैसेही द्यायचे नाहीत असं त्याचं म्हणणं. आणि हिरव्या रंगाच्या गाडीला आता दीड महिना थांबावं लागतंय म्हणे.