बारा लाखांत घर होत नाही

आज दुपारी डबा खाताना आमच्या ऑफिसमधला एक तरुण सहकारी आनंदाने म्हणाला, ‘‘ताई, बारा लाख जमले, आता साठ लाखांचा फ्लॅट बघतो, बाकीचे बँक देईल.’’ एजंटाने त्याला एवढेच सांगितले होते, हे ऐकून माझा घास घशात अडकला, कारण 2023 मध्ये पुण्यात साठ लाखांचा जुना फ्लॅट घेताना आम्हीही नेमके बारा लाख घेऊनच निघालो होतो.

बँकेने 80 टक्के, म्हणजे 48 लाख मंजूर केले, पण ते फ्लॅटच्या किमतीवर. 7 टक्के मुद्रांक शुल्काचे 4 लाख 20 हजार आणि नोंदणीचे 30 हजार त्या हिशेबात नव्हते, आणि हे साडेचार लाख तर दस्त नोंदवण्याआधीच भरायचे होते. नोंदणीला चार दिवस उरले असताना हे आमच्या लक्षात आले आणि बाबांनी एका शब्दानेही न विचारता आपली मुदत ठेव मोडली. व्यवहार रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दरापेक्षा, कमी किमतीत झाला, तरी शुल्क रेडी रेकनरच्या दरानेच लागते, हेही तेव्हाच कळले.

मला खरा संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. फ्लॅट केवळ स्त्रीच्या नावावर घेतला तर शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, म्हणजे आमचे 60 हजार वाचले असते. मात्र पतीचे नाव जोडले की ती सवलत जाते. दोन टक्के दलालीचे 1 लाख 20 हजार घेणाऱ्या माणसाने हे एका वाक्यात सांगायला नको होते का? कर्जासाठी दोघांचे उत्पन्न धरायचे, तर बँक अनेकदा दोघांचीही नावे मागते, हे मान्य. पण निवड तरी आम्हाला करू द्यायची होती.

कर्जाच्या तारणावर 0.3 टक्के मुद्रांक शुल्काचे 14,400 आणि सोसायटीच्या हस्तांतरणाचे 25 हजार धरून किमतीवरचा खर्च 6 लाख 9 हजारांवर गेला, आणि तेव्हा घरात एक पंखासुद्धा नव्हता.

फर्निचर सवडीने करता येते असे म्हणतात, आणि सोफ्यापुरते ते खरेही आहे. पण ओट्याखालच्या ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या, गीझर, दिवे, एक कपाट आणि रंग यांवाचून राहायला जाता येत नाही, आणि एवढ्यालाच आमचे तीन लाख लागले. म्हणजे बाराचे एकवीस झाले. पहिल्या पावसाळ्यात हॉलच्या खिडकीला आईची जुनी चादर होती, आणि बाबा आले की आधी तिच्या गाठी घट्ट करायचे.

मी त्या मुलाला टिशूपेपरवर हे सगळे आकडे लिहून दिले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, ‘‘ताई, पंचेचाळीस लाखांचा बघितला तर किती लागतील?’’ उद्या डब्याच्या वेळी आम्ही तो हिशेब मांडणार आहोत.