दहा टक्के घसारा: पद्धत बदलली की नफ्याचा तोटा होतो

"10 टक्के दर म्हणजे दहा वर्षांत यंत्र शून्यावर. पद्धत कुठलीही घ्या, नोंदी त्याच, त्यामुळे विकताना नफा-तोटाही सारखाच." (अकरावी-बारावी कॉमर्सच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज)

शून्याची गोष्ट फक्त सरळ रेषा पद्धतीत खरी आहे, तीही भंगार किंमत नसेल तरच. घटत्या शिल्लक पद्धतीत दर वर्षी उरलेल्या रकमेवर टक्का लागतो. त्यामुळे 1,00,000 च्या यंत्राचे दहा पूर्ण वर्षांनंतरही सुमारे 34,868 रुपये पुस्तकात उरतात. शून्य कधीच येत नाही.

नोंदींचा साचा सारखा असतो, हे मान्य. आकडे मात्र वेगळे पडतात. अंधेरीच्या एका वर्कशॉपने 1 ऑक्टोबर 2021 ला 90,000 चं यंत्र घेतलं, टेम्पोभाडं आणि बसवण्याची मजुरी 10,000 झाली. हा खर्चही यंत्र खात्यातच जातो, म्हणून मूळ किंमत 1,00,000. पुस्तकं 31 मार्चला बंद होतात. 30 सप्टेंबर 2023 ला यंत्र 81,000 ला विकलं.

पहिल्या वर्षी सहाच महिने, म्हणून दोन्हीकडे घसारा 5,000 आणि शिल्लक 95,000. दुसऱ्या वर्षी वाटा फुटतात. सरळ रेषेत 10,000 जाऊन 85,000 उरतात, घटत्या शिल्लकेत 9,500 जाऊन 85,500. विक्रीच्या वर्षीचे सहा महिने धरले की एकीकडे 5,000, दुसरीकडे 4,275. विक्रीच्या दिवशी शिल्लक 80,000 आणि 81,225. म्हणजे तीच विक्री पहिल्या पद्धतीत 1,000 नफा दाखवते, दुसरीत 225 तोटा. आणि इथेच शेवटच्या नोंदीच्या बाजू उलटतात.

घटत्या शिल्लकेतल्या, विक्रीच्या दिवसाच्या नोंदी:

घसारा खाते नावे 4,275
    यंत्र खात्याला 4,275

बँक खाते नावे 81,000
    यंत्र खात्याला 81,000

नफा-तोटा खाते नावे 225
    यंत्र खात्याला 225

सरळ रेषेत घसारा 5,000 होतो, आणि तिसरी नोंद अशी: यंत्र खाते नावे 1,000, नफा-तोटा खात्याला 1,000.

मेसेजमध्ये खऱ्याचा अंश एवढाच की यंत्राच्या सगळ्या काळात मिळून नफा-तोटा खात्यावर पडणारा भार दोन्हीकडे 19,000 च असतो (20,000 वजा 1,000, किंवा 18,775 अधिक 225). तो कोणत्या वर्षावर किती पडतो, हे पद्धत ठरवते.

सर्वात जास्त मार्क जातात ते विक्रीच्या वर्षीचा घसारा विसरल्याने. 85,500 मधून थेट 81,000 वजा करून 4,500 तोटा लिहिला जातो. यंत्र खातं तरीही जुळतं आणि निव्वळ नफाही तोच येतो, म्हणून चूक डोळ्यांत येत नाही. ती पकडायची तर विक्रीच्या तारखेला घसाऱ्याची ओळ आहे का, ते यंत्र खात्याच्या जमा बाजूला बघा.