वहाबी चळवळ कशी पसरली? शेतसाऱ्याची अट विसरू नका

वहाबी चळवळीचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी लगेच 'विचारच कट्टर होता, म्हणून पसरला' इथे येऊन थांबते. मला हे अजिबात पटत नाही. कबरींना नवस बोलू नका, पीराकडे मुलं मागू नका, जे मागायचं ते अल्लाकडेच मागा, हे सांगणारे विद्वान त्याआधी कितीतरी होऊन गेले. चौदाव्या शतकात दमास्कसच्या इब्न तैमियाने हेच सांगितलं आणि त्याचा शेवट तुरुंगात झाला. मग अठराव्या शतकात मध्य अरबस्तानातल्या नज्दच्या वाळवंटातल्या एका काझीच्या मुलाला जे जमलं ते आधी कोणाला का जमलं नाही, याचं उत्तर माझ्या मते धर्मग्रंथात कमी आणि दोन गावच्या अमीरांच्या मिळकतीत जास्त आहे.

मुहम्मद इब्न अब्दुल वहाब १७०३ साली उयैना गावात जन्मला. घराणं हंबली काझींचं, हंबली म्हणजे सुन्नी कायद्याच्या चार परंपरांपैकी एक. मदिनेत शिकला, तिथे त्याचा एक गुरू मूळचा सिंधचा, मुहम्मद हयात सिंधी. पुढे बसऱ्याला गेला, तिथून लोकांनी हाकलला. नज्द म्हणजे तेव्हा कोणा एका राज्याचा भाग नव्हता, खजुराच्या बागा असलेली छोटी छोटी गावं, प्रत्येकाचा वेगळा अमीर आणि शेजाऱ्याशी भांडण कायमचं. तिथे लोक काय करायचे त्याची वर्णनं चळवळीच्याच बखरकारांनी लिहून ठेवलीत. एका गावात खजुराचं नर झाड होतं, लग्न न जमणाऱ्या बायका त्याला मिठी मारून वर्षाच्या आत नवरा मागायच्या. (हे बखरकार चळवळीच्या बाजूचे, त्यामुळे 'आधी सगळा अंधार होता' हा त्यांचा सूर जरा सांभाळूनच घ्यायला हवा.)

१७४० मध्ये वडील वारले आणि मुहम्मद, ज्याला पुढे सगळे शेख म्हणायचे, उघडपणे प्रचाराला लागला. पहिला आधार मिळाला तो उयैनाचा अमीर उस्मान इब्न मुअम्मर याचा. त्याने शेखला आपल्या घरातली मुलगी दिली, माणसं दिली. पवित्र मानलेली झाडं तोडली गेली आणि मग पाळी आली जुबैलाच्या कबरीची. ही कबर झैद इब्न खत्ताबची, म्हणजे खलीफा उमरच्या भावाची, त्यामुळे किती मोठं धाडस होतं ते बघा. उस्मान ६०० माणसं घेऊन बरोबर गेला, जुबैलाचे लोक अडवायला आले पण एवढी फौज बघून बाजूला झाले. तरी घुमटावर हात टाकायची हिंमत उस्मानला होईना, तो म्हणाला आम्ही याला हात लावणार नाही. मग शेखने स्वतः कुऱ्हाड घेतली आणि कबर जमीनदोस्त केली. त्या रात्री लोक वाट बघत राहिले की याचं आता काहीतरी वाईट होणार, सकाळी शेख ठणठणीत. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण लोकांच्या मनातली भीती काढायचं काम तिथे कुठल्याही प्रवचनाने नाही, कुऱ्हाडीने केलं, पण ती कुऱ्हाड चालवता आली ती ६०० माणसं भोवती उभी होती म्हणूनच.

आणि हाच आधार एका निरोपाने गेला. पूर्वेकडच्या अल-हसाचा प्रमुख, बनू खालिद टोळीचा सुलैमान, त्याने उस्मानला कळवलं की या माणसाला मार किंवा घालव, नाहीतर इथून तुला जे मिळतं ते बंद. उस्मानला अल-हसामधून दरवर्षी येणारं उत्पन्न बखरीत १२०० सोन्याची नाणी, वर धान्य आणि कपडे असं दिलंय. नज्दच्या छोट्या अमीरासाठी ही रक्कम प्रचंड होती. शेख त्याला म्हणाला धीर धर, अल्ला तुला यापेक्षा जास्त देईल, पण उस्मानच्याने धीर धरवला नाही. शेखला गाव सोडावं लागलं.

१७४४ मध्ये तो नज्दमधल्याच दिरिया गावी आला आणि एका शिष्याच्या घरी उतरला. दिरियाचा अमीर मुहम्मद इब्न सौद. परंपरा सांगते की आधी त्याची बायको मूदी हिला पटलं आणि तिने नवऱ्याला सांगितलं की हा माणूस आपल्या दारी चालून आलाय, याला सोडू नका. इब्न सौद भेटायला गेला, पाठिंबा द्यायला तयार झाला, पण दोन अटी घातल्या. एक, उद्या आम्ही जिंकलो की आम्हाला सोडून दुसरीकडे जायचं नाही. दुसरी, पीक आलं की मी दिरियाच्या लोकांकडून वसुली करतो, तिला हरकत घ्यायची नाही.

पहिल्या अटीला शेखने लगेच हात पुढे केला, तुमचं रक्त ते माझं रक्त. दुसऱ्या अटीवर मात्र थेट हो म्हणाला नाही. म्हणाला, अल्ला कदाचित असे विजय देईल की लुटीतून तुला याहून जास्त मिळेल आणि हा कर घ्यायची गरजच उरणार नाही.

हे उत्तर नीट बघा. अमीराने गावकऱ्यांवरचा कर सोडायचा तर पैसा बाहेरून यायला हवा, म्हणजे लढाया आल्याच. जिंकलेल्या गावांकडून जकात आणि लुटीतला पाचवा हिस्सा अमीराचा. कोणाशी लढायचं तर ज्यांना शेख मुश्रिक, म्हणजे अल्लासोबत इतरांनाही भजणारे, म्हणेल त्यांच्याशी, म्हणजे आजूबाजूच्या मुसलमानांशीच. शेखचा सख्खा भाऊ सुलैमान इथेच अडला. त्याने विरोधात लिहिलं, की नवस चुकीचा असेल, पण तेवढ्यावरून माणसाला इस्लामबाहेर काढून त्याच्यावर तलवार चालवायची हे आधीच्या विद्वानांनी कुठे सांगितलंय? माझ्या मते हा त्या काळातला सगळ्यात नेमका आक्षेप होता. उस्मान नंतर दिरियाला येऊन मिळाला, इब्न सौदच्या मुलाला मुलगी दिली, तरी फितुरीच्या संशयावरून १७५० मध्ये जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीतच त्याला मारलं.

आणि हे काही झपाट्याने झालं नाही. रियाध दिरियापासून एका दिवसाच्या वाटेवर, तिथला दह्हाम सत्तावीस वर्षं झुंजला, रियाध पडलं १७७३ मध्ये. तोवर इब्न सौद मरून त्याचा मुलगा अब्दुल अझीझ अमीर झाला होता, पण करार टिकला, कारण दोन्ही घराण्यांचं एकमेकांवाचून चालत नव्हतं.

आता आपल्याकडचं बघा. दिल्लीचे शाह वलीउल्लाह, जन्म तोच, १७०३. तेही १७३१-३२ मध्ये हिजाझला, म्हणजे मक्का-मदिनेच्या प्रदेशात गेले, मदिनेत हदीस शिकले. अजमेरला किंवा सालार मसूदच्या कबरीवर गरज मागायला जाणं हे खुनापेक्षा मोठं पाप, असं त्यांनी लिहून ठेवलंय. पण स्वतः नक्शबंदी परंपरेतले सूफी, तसव्वुफ म्हणजे सूफी मार्ग त्यांनी कधी सोडला नाही, कबरी पाडायला माणसं नेली नाहीत. सत्तेचा आधार मात्र त्यांनीही शोधला. नजीबखान रोहिल्याला पत्रं, अब्दालीला पत्रं, मराठ्यांचा जोर मोडा म्हणून. पानिपत झालं, १४ जानेवारी १७६१, आपल्या घराघरात ती तारीख माहितीय. पण अब्दालीला दिल्लीत राहायचंच नव्हतं, त्याचं राज्य अफगाणिस्तानात, काही महिन्यांत तो परत गेला. इब्न सौदने शेखकडून घेतलं तसं 'सोडून जायचं नाही' हे वचन अब्दालीकडून घेणारं इथे कोणी नव्हतं. वलीउल्लाह १७६२ मध्ये वारले, १७७१ मध्ये महादजी शिंदे परत दिल्लीत होते, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी तिकडे अब्दुल अझीझ रियाधमध्ये शिरला.