अनब्रेकेबल म्हणे!

दहा महिन्यांत दुसऱ्यांदा माझ्या रिमलेस चष्म्याची काच भोकापाशी तडकली आणि दुसऱ्यांदा मला तेच वाक्य ऐकवलं गेलं, "मॅडम, कुठेतरी पडला असणार." अहो, नाही पडला! पहिल्या वेळी तर मी तो नाकावरून काढून डबीत ठेवला होता. सकाळी डबी उघडली, तर उजव्या काचेला काडीच्या भोकापासून कडेपर्यंत केसासारखी रेघ. रात्री डबीत शिरून कुणी हातोडी मारली का?

आणि ही काच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे दुकानाच्या भाषेत 'पॉली', म्हणजे 'अनब्रेकेबल'. घेताना त्यांनी काउंटरवर काच आपटून दाखवली होती. आता एवढं वाचल्यावर मला कळतंय की ती आपटाआपट खरी होती आणि माझ्यासाठी निरुपयोगीही. पॉलिकार्बोनेट अचानक बसलेला दणका फार छान सोसतं. संरक्षक गॉगल उगाच त्याचे करत नाहीत. पण रिमलेस चष्म्यात दणका बसतच नाही. तिथे काचेला भोक पाडतात, त्यात स्क्रू पिळतात आणि तो ताण रात्रंदिवस, महिनोन्‌महिने तसाच राहतो. बारीक पण कायमचा ताण, भोकाची खडबडीत कड आणि जोडीला एखादं रसायन, हे त्रिकूट जमलं की पॉली गुपचूप तडकतं.

भोकच का, काचेच्या मधोमध का नाही? कुठलाही पत्रा घ्या, त्याला गोल भोक पाडा आणि एका दिशेने ओढा. भोकाच्या कडेला ताण इतर जागेच्या तिप्पट होतो. हे अभियांत्रिकीत शंभराहून अधिक वर्षं ठाऊक आहे. त्यात पॉलीची काच साच्यात दाबून ओततात, म्हणजे थंड होतानाच थोडा ताण तिच्या पोटात अडकून बसतो. त्यावर बोथट ड्रिल जोरात दाबलं की भोकाची भिंत तापून वितळल्यासारखी होते आणि नवा ताण गोठून राहतो. भोकाच्या दोन्ही तोंडांची धार हलकी मारून घेतली नाही, तर त्या धारेवरचा प्रत्येक बारीक ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याचा मुहूर्त. वरचं कडक कोटिंग तर आणखी ठिसूळ, ते आधी फुटतं आणि तडा खाली काचेत उतरतो.

हे सगळं मला फिटरने नाही सांगितलं. त्याने काय केलं ते सांगते. दुसऱ्या जोडीच्या वेळी मी मुद्दाम समोर उभी राहिले. त्याने मार्करच्या खुणा पुसायला बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेतलं. पॉलीवर! नेलपॉलिश काढायचं ते, जे पॉलीला सरळ खातं. मग स्क्रू घातला, प्लॅस्टिकचा वॉशर एका बाजूला विसरला, 'ढिला नको व्हायला' म्हणून कचकचून पिळला आणि वर स्क्रू सुटू नये म्हणून लावतात त्या निळ्या द्रवाचा थेंब सोडला. हा थेंब तर सगळ्यांत वाईट. ते द्रव धातूच्या आट्यांसाठी असतं. ओलं असताना ते झिरपून भोकाच्या भिंतीला लागलं की ताणाखालचं पॉली तिथेच तडकतं. तीन आठवड्यांत भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उगवल्या. मी तेव्हा गप्प बसले, कारण तेव्हा मला काही कळत नव्हतं. आज त्याचा मला जास्त राग येतो.

दोन जोड्या शेजारी ठेवून बघितल्या. पहिलीत एकच रेघ, भोकापासून जवळच्या कडेपर्यंत. हा ओढाताणीचा तडा. त्यात माझाही हात आहे, कबूल. मी चष्मा एका हाताने, एकच काडी धरून काढायची. लांब काडी म्हणजे पहार, आणि तिचा सगळा जोर त्या दोन भोकांवर. दुसऱ्या जोडीत मात्र भोकाभोवती चौफेर आखूड चिरा. ही आवळण्याची आणि रसायनाची करामत, तिथे माझा हात नव्हता!

घरी तपासायचं असेल तर लॅपटॉपचा एलसीडी पडदा कोरा पांढरा करा आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्यांवर ठेवून मान तिरकी करत जा. एका कोनात पडदा काळा होईल. तिथे थांबून चष्मा मधे धरा. ताण असेल तिथे काचेत उजेड आणि रंगीत पट्टे दिसतात. पॉलीमध्ये इकडेतिकडे थोडे दिसणारच, पण माझ्या भोकांभोवती अक्षरशः मोरपिसं फुलली होती. दुकानातही याचसाठी ताण बघायचं यंत्र मिळतं. त्यांच्याकडे ते होतं का? प्रश्न विचारल्यावर चहा मागवण्यात आला.

मग माझा मुख्य संताप. ट्रायव्हेक्स नावाचं मटेरियल २००१ पासून बाजारात आहे. ते दाबून नाही, साच्यात ओतून शांतपणे घट्ट होऊ देतात, त्यामुळे पोटात ताण फार कमी. अ‍ॅसिटोनसारख्या द्रवांना ते पॉलीपेक्षा कितीतरी चांगलं तोंड देतं आणि दणकाही सोसतं. भोक पाडायच्या चष्म्याला आधी हेच सुचवायला हवं. मी विचारलं तर उत्तर आलं, "त्याची काच जाड येते, मॅडम."

जाड किती, ते घरी येऊन मीच मोजलं. माझा नंबर उणे ३.२५, काचेच्या मध्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत साधारण ३० मिलिमीटर. मध्यभागी दीड मिलिमीटर धरली तर पॉलीची कड ४ मिलिमीटरच्या आसपास येते, कारण तिचा इंडेक्स, म्हणजे उजेड वाकवण्याची ताकद, १.५९. ट्रायव्हेक्सचा १.५३, म्हणून कड सव्वाचार. पाव मिलिमीटर! या पाव मिलिमीटरसाठी मी दोन जोड्या घालवल्या? आणि ट्रायव्हेक्सची घनता १.११, पॉलीची १.२०, म्हणजे वजनात तो जाडपणा पुरता फिटतो. वर नजर काचेच्या कडेकडे गेली की दिव्यांभोवती दिसणारी रंगीत झालर पॉलीत जास्त, ट्रायव्हेक्समध्ये कमी. उणे सहा-सातचा नंबर असता तर जाडीचं बोलणं मी ऐकून घेतलं असतं. तिथे १.६७ वगैरे इंडेक्सच्या पातळ काचेचा विचार करावाच लागतो.

ट्रायव्हेक्स अमर नाही. भोक कडेला फार चिकटून पाडलं, धार तशीच ठेवली, स्क्रू पिळून पिळून बसवला, तर तेही तडकेल. म्हणून ऑर्डरच्या चिठ्ठीवर मी स्वतःच्या हाताने लिहून आलेय: ट्रायव्हेक्स, नवं ड्रिल, दोन्ही तोंडांची धार मारणे, दोन्ही बाजूंना वॉशर, निळं द्रव नाही, अ‍ॅसिटोन नाही. फिटरने ती वाचली, मालकाकडे पाहिलं आणि विचारलं, "यांना फ्रेम रिमवाली का नाही देत?"

दहा दिवसांनी बोलावलंय. तोवर कपाटातला जुना काळा, जाडजूड, पूर्ण रिमचा चष्मा लावून फिरतेय. डावी काडी दोरीने बांधलीय, काचा मात्र शाबूत.