‘भेदभाव करत नाही’ एवढ्यावर का भागत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “कामगारांच्या हँडबुकातल्या भरती-पगार-बढतीच्या नियमांचा तुमचा मसुदा वाचला. वाळूजला आमचं पॅकिंगचं युनिट आहे, साठ-एक माणसं. ‘आम्ही कुणाशीही भेदभाव करत नाही’ हे एक वाक्य हँडबुकात पुरे आहे. पगार-बढतीचं सगळं लिहून ठेवलं, तर उद्या तोच कागद घेऊन माणूस केबिनमध्ये येईल. आणि बाया लोडिंग करत नाहीत, मग पगार सारखा कसा द्यायचा?”

उत्तर:

आधी लोडिंगचंच घेऊ, कारण खरी अडचण तिथंच आहे.

समजा तुमच्या टेबलावर पुरुष पॅकरला महिन्याला १५,६०० आणि बाईला १३,९०० रुपये मिळतात. दिवसभर दोघं तेच करतात: मोजणी, सीलिंग, लेबल, खोक्याला टेप. शिफ्टच्या शेवटी अर्धा तास पुरुष टेम्पो भरतात आणि बाया टेबलं आवरतात. आता हिशेब करा. १५,६०० ला २६ दिवसांनी भागलं तर रोज ६०० रुपये, म्हणजे तासाला ७५. त्या अर्ध्या तासाला दुप्पट दर धरला, तरी रोजचे ३७.५० रुपयेच वाढतात. महिन्याचे झाले ९७५. फरक मात्र १,७०० चा आहे. उरलेल्या ७२५ रुपयांचं कारण लोडिंग नाही. ते कशाचे, हे लेबर इन्स्पेक्टरने विचारलं तर सांगता येणार नाही.

वेतन संहिता २०१९ नुसार सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल, तर स्त्री-पुरुष म्हणून पगारात फरक करता येत नाही. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी बघायची. किरकोळ फरक धरायचा नाही. हजेरीपटावर एकाला ‘पॅकर’ आणि दुसरीला ‘हेल्पर’ लिहिलं म्हणून काम वेगळं होत नाही. ‘परवडत नाही’ हे कारणही चालत नाही; १९८७ मध्ये मॅकिनन मॅकेन्झीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते नाकारलं आहे. सारखेपणा आणण्यासाठी पुरुषांचा पगार खाली ओढायलाही कायद्यात मनाई आहे. म्हणजे बायांचा दर वर न्यायचा, एवढीच वाट उरते. नव्या भरतीपासून लोडिंगचा भत्ता पगारपत्रकावर वेगळ्या ओळीत दाखवा आणि ज्या दिवशी जो भरेल त्याला द्या. बाईने भरलं तर बाईलाही.

हे हँडबुकात असं उतरतं: “पगार कामाच्या ग्रेडवर ठरतो. प्रत्येक ग्रेडचा सुरुवातीचा दर नोटीस बोर्डावर आहे. कुणाला जास्त मिळत असेल, तर त्याचं कारण अनुभवाची वर्षं, मशीनची पास केलेली चाचणी किंवा वेगळा भत्ता, या तीनपैकीच असेल, आणि ते त्याच्या फाइलमध्ये लिहिलेलं असेल.”

असा कागद घेऊन माणूस केबिनमध्ये आला तर चांगलंच आहे. तो दाराशी येतो तेव्हा फाइल उघडून दाखवता येते. कागद नसला की तोच प्रश्न गेटवर, चहाच्या टपरीवर फिरतो आणि प्रत्येक जण आपापलं कारण जोडतो: जात, गाव, सुपरवायझरचा नातेवाईक.

भरतीत घोळ बहुतेक तोंडी निरोपाने होतो. ‘तुमच्या ओळखीतलं कुणी आणा’ म्हटलं की सगळी माणसं एकाच गावची आणि एकाच भावकीची येतात. वाक्य साधं ठेवा: “जागा सात दिवस गेटवर लावू. सगळ्यांना तेच प्रश्न विचारू आणि तीच चाचणी देऊ. लग्न कधी, मूल कधी, जात कोणती, हे विचारणार नाही.” माणसं ठेकेदाराकडून येत असतील, तर हीच ओळ त्याच्या करारातही घाला. नाहीतर नियम हँडबुकात राहतो आणि निवड ठेकेदाराच्या फोनवर होते.

अपंग उमेदवारांसाठी मात्र आपल्या मर्जीचा प्रश्न नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ प्रमाणे समान संधी धोरण प्रसिद्ध करावंच लागतं. वीस किंवा जास्त माणसांच्या खाजगी आस्थापनेने त्यांच्यासाठी योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत आणि सोयी त्यात लिहायच्या, शिवाय हे काम बघणारा अधिकारी नेमायचा. साठ माणसांत तुम्ही येता.

बढतीचं कलम सर्वांत छोटं ठेवलं तरी चालेल, पण त्यात ‘योग्यतेनुसार’ हा शब्द नको. लाइन लीडरला काय यायला हवं ते लिहा: रोजचा प्रॉडक्शन रिपोर्ट भरणं, मशीन सेटिंग बदलणं, रिजेक्शनचं कारण नोंदवणं. या तिन्ही गोष्टी शिकायची पाळी सगळ्यांना मिळते का, ते तपासा. सेटिंग रात्रपाळीतच शिकवली जात असेल आणि बाया फक्त दिवसपाळीत असतील, तर चाचणी सारखी असूनही त्या कधीच पास होणार नाहीत. महिन्यातून दोन दिवस सेटिंग दिवसपाळीत दाखवा. बाळंतपणाच्या रजेचे २६ आठवडे अनुभवातून वजा करू नका. ज्याला नाकारलं त्याला काय कमी पडलं ते पंधरा दिवसांत लेखी द्या आणि खाली निर्णय घेणाऱ्याची सही असू द्या.