मेल नाही, नोटीस हाय हे

सोमवारी दुपारी कॉलेजच्या ऑफिसात बसून मी चार ओळींचा एक मेल लिहिला, आणि पाठवणार तेवढ्यात मागून बडे बाबू म्हणाले, "सर, मेल नाही, नोटीस हाय हे. खाली फक्त 'कारणे दाखवा' लिहाचं राह्यलं."

मेल असा होता: "सर, बी.ए. द्वितीयचे इंटर्नल मार्क अजून आले नाहीत. मागेही सांगितलं होतं. शुक्रवारी पोर्टल बंद होतंय. आजच पाठवा."

आता यात खोटं काय आहे सांगा. मार्क आले नव्हते, सांगितलं होतं, पोर्टल बंद होणार होतं. पण ज्यांना मेल जाणार ते विभागप्रमुख, कायम, सेवा माझ्या वयाएवढी, आणि मी तासिका तत्त्वावरचा, तास झाला तर पैसे नाहीतर राम राम. म्हणजे उशीर त्यांचा आणि आवाज खाली आणायचा मी. हे मला अजूनही पटलेलं नाही, पण पुढच्या वर्षीची ऑर्डर त्यांच्याच शिफारशीनं निघते त्यामुळे पटवून घेतलं.

समोरासमोर असते तर काही अडचण नव्हती. आपल्याकडे कितीही कडक बोला, शेवटी 'जी' लावला की झालं. "सर, देऊन टाका ना जी मार्क." यात तगादाही आहे आणि लाडही आहे. मेलमध्ये तो जी लावता येत नाही, आवाज जात नाही, हसणं जात नाही, नुसतं "आजच पाठवा" जातं. आणि सर कॉलेजात नव्हते, वावरात होते. कापूस वेचणीला मजूर मिळाले की सर रजेवर, हा आमच्याकडचा अलिखित शैक्षणिक कॅलेंडर. फोन लावला तर कव्हरेज क्षेत्राबाहेर.

बाबू म्हणाले, सरका, मी लिहितो. ऑफिसात नेट चालणारा कॉम्प्युटर एकच, त्यामुळे सरकावंच लागलं. बाबूंच्या तोंडात खर्रा होता, तो सांडू नये म्हणून ते हनुवटी छताकडे करून बोलतात, म्हणजे डिक्टेशन पंख्याला आणि टायपिंग मी उभ्यानं. दर वाक्यानंतर खिडकीपर्यंत जाऊन यायचं, पिचकारी, मग पुढचं वाक्य. असा मजकूर जन्माला आला:

"उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय विदित करण्यात येते की, अंतर्गत गुणांबाबत आपल्या स्तरावरून आपल्या सवडीनुसार योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती. माहितीस्तव सविनय सादर."

"आता कसं वाटते?" बाबू.

"बाबूजी, यात तारीख कुठाय?"

"तारीख वर असते नं, पत्राच्या."

"ती आजची. मार्क कधीपर्यंत पाहिजे ते कुठाय?"

बाबूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पंगतीत बसून बिल मागितलं. "सर, मोठ्या माणसाले तारीख देत नसतात. त्याईले समजते."

समजत असतं तर मी इथं कायले उभा राहिलो असतो बाप्पा!

बाबूंच्या नम्रतेचा इतिहास मोठा आहे. मागे कॉलेजची मोटर जळाली होती तेव्हा संस्थेला त्यांनी अर्ज लिहिला होता, इतका विनयशील की संस्थेकडून "आपल्या सदिच्छांबद्दल आभार" असं उत्तर आलं आणि पोरींनी पूर्ण उन्हाळा घरून पाण्याच्या बाटल्या आणल्या. ते उत्तर बाबूंनी फाईलला लावून ठेवलंय, अभिमानानं.

मग त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. "खाली टाका, प्रत माहितीस्तव, मा. प्राचार्य." म्हणजे वरती सविनय सादर आणि खाली चुगली. सी.सी.मध्ये प्राचार्य दिसले की माणूस विनंती वाचतच नाही, आपल्यावर तक्रार कोणी केली तेवढंच वाचतो. प्राचार्यांना सांगायचंच असेल तर मुदत उलटल्यावर, आणि तेही वेगळं. आधीच नाही.

बाबू चहाला गेले तेव्हा मला खुर्ची परत मिळाली. आधी टोचणारं काढलं. "मागेही सांगितलं होतं" हे वाक्य मार्क आणत नाही, फक्त हिशोब काढतं, गेलं. "अजून" गेलं. "आजच" पण गेलं, कारण आजच का ते त्यात कुठंच नव्हतं. 'तातडीचे' हा शब्द मी टाकलाच नाही, आमच्याकडे सगळंच तातडीचं असतं, झाडू खरेदीसुद्धा. घाई शब्दानं कळत नाही, तारीख आणि नाही झालं तर काय होईल, यानं कळते.

दुसरं म्हणजे सर मेल पाहणार मोबाईलवर, धुऱ्यावर उभं राहून, उन्हात. तिथं दिसतो फक्त विषय आणि पहिले चार शब्द. ते चार शब्द "आपण व कुटुंबीय कुशल असाल" यात गेले तर सर कुशल राहतात आणि पोरं बुडतात. त्यामुळे विषयातच काम आणि वार टाकला, मागणी पहिल्या ओळीत, आदर क्रियापदात. "पाठवा" चं "मिळावेत" केलं, पण "जमल्यास" लावलं नाही. जमल्यास म्हटलं की जमत नाही. शेवटी हे गेलं:

"विषय: बी.ए. द्वितीय अंतर्गत गुण, बुधवार दुपारपर्यंत

आदरणीय सर, नमस्कार. बी.ए. द्वितीयच्या ६३ मुलांचे अंतर्गत गुण बुधवारी दुपारी २ पर्यंत मिळावेत, ही विनंती. पोर्टल शुक्रवारी ५ वाजता बंद होतं, गुण भरले गेले नाहीत तर मुलांचा निकाल अडकेल. भरताना लाइन गेली तर गुरुवार हाताशी असावा म्हणून बुधवार म्हणतो आहे. नावांची यादी जोडली आहे, आपण त्यावर आकडे लिहून सही करून फोटो पाठवलात तरी चालेल, टायपिंग मी करतो. उद्या सकाळी १० नंतर एक फोन करतो."

यातलं खरं काम त्या फोटोवाल्या ओळीनं केलं असं माझं मत आहे. सरांना माज नव्हता, त्यांना एक्सेल येत नव्हतं, आणि ते कोणाला सांगायचं नव्हतं. टायपिंग मी करतो म्हटल्यावर त्यांची अब्रूही राहिली आणि सबबही संपली. आणि उद्या फोन करतो असं आधीच लिहून ठेवलं की दुसऱ्या दिवशीचा फोन तगादा वाटत नाही, वेळ पाळल्यासारखा वाटतो. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, ते सगळे मी बोट बटणावर ठेवून घालवले.

बाबू आले, वाचलं, म्हणाले, "सविनय सादर काऊन काढलं जी?"

मंगळवारी फोन करायच्या आधीच फोटो आला. तिरपा, मागे कापसाचा ढीग, एका मुलीच्या मार्कावर सरांचा अंगठा. तिचे मार्क विचारायला पुन्हा एक मेल, पुन्हा आदरणीय, पुन्हा नमस्कार. ते बुधवारी सकाळी आले. मी रात्री घरून, मोबाईलच्या नेटवर, ६३ जणांचे मार्क भरले, त्या तासांचे पैसे तासिका तत्त्वात बसत नाहीत. शनिवारच्या मिटिंगमध्ये प्राचार्यांनी विभागप्रमुखांचं अभिनंदन केलं, सर्वांत आधी गुण भरणारा विभाग म्हणून. सर उठून म्हणाले, आमच्या विभागात शिस्त आहे. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात बाबूंनी वाजवल्या.